एक ‘-ई’, चार कार्ये : रूपसिद्धी आणि शब्दसिद्धी यांतील भेद

प्रस्तावना

भाषाविज्ञानाच्या प्रथम वर्षाच्या वर्गात पदविचार शिकवताना एक प्रश्न हमखास उभा राहतो. शब्दाला लागणाऱ्या प्रत्ययांपैकी काही प्रत्यय त्याच शब्दाची वेगवेगळी रूपे घडवतात, तर काही प्रत्यय नवाच शब्द घडवतात. पहिल्या प्रक्रियेला इंग्रजीत इन्फ्लेक्शन आणि दुसरीला डेरिव्हेशन म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांना अनुक्रमे रूपसिद्धी व शब्दसिद्धी असे म्हटले आहे, आणि त्या त्या प्रत्ययांना विकारक प्रत्यय व साधक प्रत्यय अशा संज्ञा वापरल्या आहेत. व्याख्या विद्यार्थ्यांना सहज पाठ होते. ‘हा प्रत्यय कोणत्या प्रकारचा?’ असे विचारताच मात्र उत्तरे डळमळू लागतात.

या डळमळण्यामागे सामान्यतः दोन समजुती असतात. पहिली अशी की, प्रत्ययाचा प्रकार त्याच्या रूपावरून ओळखता येतो; म्हणजे अमुक प्रत्यय विकारक आणि तमुक प्रत्यय साधक अशी यादी पाठ केली की काम भागते. दुसरी अशी की, शब्दाची जात बदलली तर शब्दसिद्धी आणि न बदलली तर रूपसिद्धी. या दोन्ही समजुती मराठीच्या संदर्भात अपुऱ्या पडतात. त्या का अपुऱ्या पडतात आणि त्यांच्या जागी कोणती कसोटी ठेवावी, हे मराठीतील ‘-ई’ या एकाच प्रत्ययाच्या आधारे स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

एका वाक्याचे पृथक्करण

पुढील वाक्य पाहावे : ‘नदीकाठच्या दगडी वाड्यात ठेवलेली जुनी सुरी लांबीने वीतभर होती.’ या वाक्यात ‘-ई’ हा ध्वनी सात ठिकाणी आला आहे : नदी, दगडी, ठेवलेली, जुनी, सुरी, लांबी आणि होती. यांपैकी ‘नदी’ हा शब्द प्रथम बाजूला ठेवावा. त्यातील ‘-ई’ काढून टाकल्यास आजच्या मराठीत त्याच अर्थाशी जोडता येईल असा ‘नद’ हा रोजचा शब्द उरत नाही. म्हणून येथे ‘-ई’ हा मराठीपुरता प्रत्यय नसून शब्दाचाच अंत आहे. उरलेल्या सहांचे काय?

आता या वाक्यातील ‘सुरी’ हा एकच शब्द काढून त्या जागी ‘सुरा’ हा शब्द घालावा आणि मराठी भाषकाला वाक्य दुरुस्त करण्यास सांगावे. मिळणारे वाक्य असे : ‘नदीकाठच्या दगडी वाड्यात ठेवलेला जुना सुरा लांबीने वीतभर होता.’ आपण हेतुपुरस्सर एकच शब्द बदलला. परंतु त्यामागोमाग ‘ठेवलेली’चे ‘ठेवलेला’, ‘जुनी’चे ‘जुना’ आणि ‘होती’चे ‘होता’ करणे भाग पडले. बोलणाऱ्याला येथे निवडीचे स्वातंत्र्य नाही. ‘जुनी सुरा’ असे कोणी म्हटल्यास ते वाक्य चुकले असेच आपण म्हणू.

‘दगडी’ आणि ‘लांबी’ मात्र जागचे हललेले नाहीत. ‘दगडी’ हे विशेषण ‘सुरी’चे नसून ‘वाडा’ या शब्दाचे आहे, म्हणून ते बदलले नसावे, असा आक्षेप येथे संभवतो. तो रास्त आहे. पण ‘वाडा’ हा शब्द पुल्लिंगी आहे, आणि तरीही त्याचे विशेषण ईकारान्त आहे. दगडी वाडा, दगडी भिंत, दगडी घर अशी तिन्ही लिंगांत ‘दगडी’ तसेच राहते. म्हणजे ‘जुनी’ मधील ‘-ई’ स्त्रीलिंगाशी मेळ राखते, तर ‘दगडी’ मधील ‘-ई’चा लिंगाशी संबंधच नाही. तिचे काम ‘दगड’ या नामापासून ‘दगडाचे बनलेले’ या अर्थाचे विशेषण घडवणे एवढेच आहे. ‘लांबी’ मधील ‘-ई’ नेमका उलटा प्रवास करते : ‘लांब’ या विशेषणापासून ती भाववाचक नाम घडवते.

अशा रीतीने एकाच रूपाच्या ‘-ई’ची चार कार्ये हाती लागतात. ‘जुनी’, ‘ठेवलेली’, ‘होती’ यांत ती मेळ राखते. ‘दगडी’त ती नामापासून विशेषण घडवते. ‘लांबी’त विशेषणापासून नाम घडवते. आणि ‘सुरी’त ती ‘सुरा’ या नामापासून लहान आकाराच्या वस्तूचे नाम घडवते. यांपैकी पहिले कार्य तेवढे रूपसिद्धीचे आहे. उरलेली तीन शब्दसिद्धीची आहेत. प्रत्ययाचे रूप पाहून प्रकार ठरवता येत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

इंग्रजीतही हेच आढळते. ‘शी इज टॉलर दॅन मी’ या वाक्यात ‘टॉल’ला लागलेला ‘-अर’ हा पुढे येणाऱ्या ‘दॅन’मुळे आवश्यक ठरतो, तो वगळल्यास वाक्य बिघडते. ‘टीचर’ या शब्दातील ‘-अर’ची मात्र वाक्यातील कोणताही शब्द मागणी करत नाही. ‘टीचर’च्या जागी ‘डॉक्टर’ किंवा ‘फ्रेंड’ घातल्याने वाक्यरचनेला काहीही बाधा येत नाही.

मेळ मागणारा आणि मेळ राखणारा

वरील उदाहरणांतून पहिली व सर्वांत महत्त्वाची कसोटी निघते. जे रूप वाक्यरचनेच्या मागणीमुळे येते, ते रूपसिद्धीचे. स्टीफन अँडरसन यांनी 1982 मध्ये रूपसिद्धीची व्याख्या याच दिशेने केली : वाक्यविचाराला ज्याच्याशी कर्तव्य आहे, तो पदविचाराचा भाग म्हणजे रूपसिद्धी.

ही कसोटी लावताना ‘जुनी सुरी’ ही जोडी विद्यार्थ्यांना सर्वाधिक गोंधळात टाकते, कारण दोन्ही शब्दांतील ‘-ई’ स्त्रीलिंगी आहे. फरक असा की, ‘सुरी’ हा शब्द मेळ मागतो आणि ‘जुनी’ हा शब्द तो राखतो. ‘सुरी’ स्त्रीलिंगी असावी अशी वाक्यातील इतर कोणत्याही शब्दाची मागणी नव्हती. बोलणाऱ्याला सुऱ्याऐवजी सुरीविषयी बोलायचे होते, म्हणून तो शब्द आला. आणि तो आल्यावर बाकीच्यांनी त्याच्या लिंगाप्रमाणे आपली रूपे बदलली.

येथे शालेय व्याकरणातील एका परिचित विधानाकडे पुन्हा पाहावे लागते. लिंग, वचन व विभक्ती हे नामाचे तीन विकार होत, असे विद्यार्थी शिकून आलेला असतो. वचन आणि विभक्ती यांबाबत हे विधान कसोटीला उतरते. ‘दोन’ हा शब्द आधी आला की पुढे ‘सुऱ्या’ असेच म्हणावे लागते. ‘दोन सुरी’ चालत नाही. म्हणजे वाक्यातील दुसरा शब्द नामाच्या अनेकवचनाची मागणी करू शकतो. विभक्तीची मागणी क्रियापद करते. परंतु नामाच्या स्त्रीलिंगी रूपाची मागणी करील असा शब्द मराठीत नाही. विशेषणाला व क्रियापदाला लिंग हा विकार आहे. नामाला लिंग हा त्याचा अंगभूत गुण आहे.

भारतीय व्याकरणपरंपरेत ही जाण नवीन नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत स्त्रीप्रत्ययांचे प्रकरण चौथ्या अध्यायाच्या प्रारंभी स्वतंत्रपणे आले आहे, आणि विभक्तीचे सुप् प्रत्यय हे स्त्रीप्रत्यय लागून सिद्ध झालेल्या शब्दाला नंतर लागतात. स्त्रीप्रत्यय आणि विभक्तिप्रत्यय यांना तेथे एकाच पंक्तीत बसवलेले नाही.

व्याप्ती आणि अर्थ

वाक्यरचनेच्या मागणीच्या कसोटीला आणखी दोन निरीक्षणांची जोड द्यावी. पहिले निरीक्षण व्याप्तीचे. ‘जुना’प्रमाणे चालणाऱ्या कोणत्याही विशेषणाला विचारा, त्याचे स्त्रीलिंगी रूप तयार असते : चांगली, मोठी, हिरवी, कोरडी. उद्या एखादे नवे आकारान्त विशेषण भाषेत रूढ झाले, तरी त्याचे ईकारान्त रूप कोणाला शिकवावे लागणार नाही. साधक ‘-ई’चे तसे नाही. लांब, रुंद, उंच, जाड यांपासून लांबी, रुंदी, उंची, जाडी मिळतात. परंतु ‘गार’पासून ‘गारवा’ होतो, ‘थोर’पासून ‘थोरवी’ आणि ‘मऊ’पासून ‘मऊपणा’. दगडी, लाकडी, लोखंडी, पितळी असे म्हणता येते. पण काचेच्या वस्तूला ‘काची’ म्हणत नाहीत, ‘काचेची’ म्हणावे लागते.

यावर चौकस विद्यार्थी विचारतो की, ‘उंच’, ‘लाल’, ‘सुंदर’ या विशेषणांना तरी ‘-ई’ कोठे लागते? मग रूपसिद्धीतही पोकळी नाही काय? येथे पोकळी आणि समरूपता यांत भेद करावा लागतो. ‘उंच मुलगा’ आणि ‘उंच मुलगी’ ही दोन्ही पदबंध शुद्ध आहेत. ‘उंच’च्या रूपावलीत स्त्रीलिंगाचा रकाना आहे व तो भरलेलाही आहे, फक्त त्यात पुल्लिंगी रकान्यातलेच रूप आहे. ‘एक दगड’ आणि ‘दोन दगड’ यांत, किंवा इंग्रजीतील ‘वन शीप’ आणि ‘टू शीप’ यांत हेच घडते. याउलट ‘काची’ हा शब्द मुळात नाहीच. तेथे रकाना नाही आणि रूपही नाही. प्रत्यय दिसत नसतानाही रूपसिद्धी असू शकते, हे यातून विद्यार्थ्याच्या लक्षात आणून देता येते. ‘जा’चे ‘गेला’ आणि इंग्रजीतील ‘गो’चे ‘वेंट’ यांत तर धातूच बदलतो, तरीही ते रकाने त्याच रूपावलीचे असतात.

दुसरे निरीक्षण अर्थाचे. ‘जुना’ आणि ‘जुनी’ यांच्या अर्थात तसूभरही अंतर नाही, आणि ते पुढे पडण्याचा संभवही नाही. शब्दसिद्धीने घडलेला शब्द मात्र स्वतंत्र संसार थाटतो. ‘सुरा’ व ‘सुरी’, ‘लोटा’ व ‘लोटी’ यांत केवळ आकाराचे अंतर आहे. ‘गोळा’ व ‘गोळी’ यांत ते वाढले आहे : औषधाची गोळी हा लहान गोळा आहे असे आज कोणाच्या मनात येत नाही. ‘वाडा’ म्हणजे मोठे घर, पण ‘वाडी’ म्हणजे लहान घर नव्हे, तर छोटी वस्ती. ‘गोडी’ हा साखरेचा गुण आहे, तसाच तो वाचनाचा नादही आहे. आणि ‘पोळा’ व ‘पोळी’ यांचा तर परस्परांशी काहीच संबंध नाही. रूपसाम्यावर विसंबणारा विद्यार्थी येथे हमखास फसतो. इंग्रजीतील ‘कुकर’ हे याचे घरोघरी आढळणारे उदाहरण आहे. ‘टीच’ करणारा तो ‘टीचर’, या न्यायाने ‘कुक’ करणारा ‘कुकर’ व्हायला हवा. पण स्वयंपाक करणाऱ्या माणसाला ‘कुक’च म्हणतात आणि ‘कुकर’ हे भांड्याचे नाव झाले आहे.

कोशकार नेमका हाच भेद व्यवहारात पाळतो. मराठी कोशात ‘जुना’ या एका नोंदीखाली ‘जुनी’ व ‘जुने’ सामावतात. ‘गोळा’ व ‘गोळी’ यांना मात्र दोन स्वतंत्र नोंदी द्याव्या लागतात.

या दोहोंच्या जोडीला प्रत्ययांचा क्रमही उपयोगी पडतो. साधक प्रत्यय धातूच्या वा प्रातिपदिकाच्या जवळ राहतो आणि विकारक प्रत्यय बाहेरच्या बाजूस येतो. आपल्या मूळ वाक्यातील ‘लांबीने’ या पदात आधी ‘-ई’ आणि मग ‘-ने’ आहे. इंग्रजीतील ‘टीचर्स’मध्येही आधी ‘-अर’ आणि मग अनेकवचनाचा प्रत्यय आहे. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 1963 मध्ये मांडलेल्या भाषिक सार्वत्रिकांमध्ये या क्रमाचा समावेश आहे.

शब्दजातीची कसोटी का पुरत नाही?

आता दुसऱ्या समजुतीकडे वळू. ‘सुरा’पासून ‘सुरी’ होताना शब्दजात बदलत नाही, तरीही ती शब्दसिद्धी आहे, हे आपण पाहिले. शब्दजात बदलूनही रूपसिद्धी असू शकते काय? यासाठी ‘टिकणारा’ आणि ‘टिकाऊ’ या दोन शब्दांची तुलना करावी. दोन्ही ‘टिक’ या धातूपासून झाले आहेत, दोन्ही विशेषणे आहेत, आणि ‘टिकणारा पंखा’ व ‘टिकाऊ पंखा’ हे दोन्ही प्रयोग शुद्ध आहेत. शब्दजातीच्या कसोटीने दोन्ही शब्दसिद्धीत जातील.

पण वर सांगितलेली निरीक्षणे लावून पाहिली तर चित्र वेगळे दिसते. ‘-णारा’ हा प्रत्यय जवळजवळ प्रत्येक मराठी धातूला लागतो : हसणारा, बसणारा, पडणारा, असणारा. ‘-आऊ’ मात्र टिकाऊ, लढाऊ, विकाऊ, शिकाऊ अशा मोजक्या शब्दांतच आढळतो. ‘हसाऊ’ किंवा ‘बसाऊ’ असे शब्द नाहीत. अर्थाच्या दृष्टीने ‘-णारा’ नेहमी ती क्रिया करणाऱ्याचाच बोध करतो. ‘-आऊ’चे तसे नाही : टिकाऊ वस्तू स्वतः टिकते, पण विकाऊ वस्तू स्वतः काही विकत नाही, ती विकली जाते.

सर्वांत निर्णायक फरक वाक्यरचनेत दिसतो. ‘दहा वर्षे टिकणारा पंखा’ असे म्हणता येते. ‘दहा वर्षे टिकाऊ पंखा’ असे म्हणता येत नाही. त्याचप्रमाणे ‘जुनी पुस्तके विकणारा माणूस’ यात ‘विकणारा’ आपले कर्म सांभाळून आहे. ‘-णारा’ लागल्यावरही धातूची क्रियापद म्हणून असलेली शक्ती शाबूत राहते. बाहेरून ते विशेषणासारखे वागते आणि आतून क्रियापदासारखे. ‘टिकाऊ’त ती शक्ती संपलेली आहे. म्हणून ‘टिकणारा’ हे ‘टिकणे’ या क्रियापदाच्या रूपावलीतील एक रूप मानणे अधिक सयुक्तिक ठरते, तर ‘टिकाऊ’ हा कोशातील स्वतंत्र शब्द ठरतो. शब्दजात बदलणारी अशी रूपसिद्धी अनेक भाषांत आढळते, असे प्रतिपादन मार्टिन हास्पेलमाथ यांनी 1996 मधील आपल्या निबंधात केले आहे. मराठी कृदन्तांचा विचार करताना ते विशेष उपयुक्त आहे. कारण परंपरागत व्याकरणात ‘कृदन्त’ या एकाच सदराखाली ही दोन्ही प्रकारची रूपे एकत्र येतात.

सीमारेषा

या कसोट्या सर्व उदाहरणांत एकमताने निकाल देतात असे मात्र नाही. ‘मुलगा–मुलगी’ ही जोडी घ्यावी. मेळाच्या कसोटीने ती ‘सुरा–सुरी’प्रमाणे शब्दसिद्धीत जाते. व्याप्तीही तेच सांगते : घोडा–घोडी, पण वाघ–वाघीण, मोर–लांडोर, राजा–राणी, भाऊ–बहीण. प्रत्येक जोडी वेगळी लक्षात ठेवावी लागते. परंतु अर्थाच्या दृष्टीने ‘मुलगी’ हा शब्द ‘गोळी’सारखा दूर गेलेला नाही, स्त्री व पुरुष एवढाच नियमित भेद त्यात आहे, आणि या बाबतीत तो रूपसिद्धीच्या जवळ येतो. अशा ठिकाणी विद्यार्थ्याने एकाच शब्दात उत्तर देण्यापेक्षा कोणती कसोटी कोणत्या बाजूला कौल देते, हे नोंदवणे अधिक शास्त्रशुद्ध होय. कौल फुटला तर वाक्यरचनेच्या मागणीला अधिक वजन द्यावे. कारण व्याप्ती व अर्थ यांत कमीअधिक असू शकते, मेळ मात्र राखला तरी जातो किंवा मोडला तरी जातो.

समारोप

रूपसिद्धी व शब्दसिद्धी यांतील भेद प्रत्ययाच्या रूपात नसून त्याच्या कार्यात असतो, हे ‘-ई’च्या चार कार्यांवरून दिसून येते. वर्गात हा भाग शिकवताना प्रत्ययांच्या याद्या देण्याऐवजी विद्यार्थ्यांना एक संपूर्ण वाक्य द्यावे, त्यातील एकच नाम बदलण्यास सांगावे, आणि त्यामुळे आणखी कोणकोणते शब्द बदलावे लागले ते अधोरेखित करण्यास सांगावे. अधोरेखित झालेल्या शब्दांत रूपसिद्धी सापडेल. जे प्रत्यय जागचे हलले नाहीत, आणि जो शब्द आपण स्वतः बदलला, त्यांकडे शब्दसिद्धीच्या दृष्टीने पाहावे, व्याप्ती आणि अर्थ तपासावा. मराठी ही विद्यार्थ्याची स्वतःची भाषा असल्याने वाक्य कोठे बिघडले हे त्याला उपजतच कळते. ते का बिघडले, हे सांगता येणे ही त्याच्या भाषाविज्ञानाच्या अभ्यासाची पहिली पायरी होय.